पहिली सिक्युरिटी अ‍ॅनालिस्टची ऑफर: पगार बोलताना या चुका टाळा

नागपुरात राहून सायबर सिक्युरिटीत शिरणाऱ्या मुलामुलींसमोर बहुतेक वेळा दोन तऱ्हेच्या ऑफर येतात. एक मिहानमधल्या किंवा गायत्रीनगरच्या आयटी पार्कमधल्या सेवा कंपनीची, दुसरी पुण्या-बंगळूरच्या प्रॉडक्ट कंपनीची. पद दोन्हीकडे एकच, सॉकमधला, म्हणजे सायबर हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रातला, पहिल्या पायरीचा एल-वन अ‍ॅनालिस्ट. पण पगार ठरण्याची रीत दोन्हीकडे वेगळी असते. ती कळली नाही, तर जिथे आकडा हलत नाही तिथे लोक आकड्यासाठी भांडतात आणि जिथे हलू शकतो तिथे गप्प बसतात.

चूक पहिली: सीटीसीला पगार समजणे

सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यामागे वर्षाला येणारा एकूण खर्च, हातात येणारा पगार नव्हे. एक उदाहरण पूर्ण मांडून पाहू. त्रिमूर्तीनगरात आईवडिलांसोबत राहणारी एक मुलगी आहे असं धरा. मिहानमधली सेवा कंपनी तिला 4,20,000 चं सीटीसी देते आहे, पुण्यातली प्रॉडक्ट कंपनी 7,00,000 चं. घरात कुणालाही विचारा, उत्तर एकच येईल: पुण्याला जा. आता दोन्ही पत्रांच्या शेवटी जोडलेला पगाराचा तक्ता उघडू.

सेवा कंपनीचा तक्ता: महिन्याचा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, 30,000, त्यात बेसिक 15,000. वर्षाचे झाले 3,60,000. कंपनीच्या वाट्याचा पीएफ बेसिकच्या 12 टक्के, म्हणजे महिन्याला 1,800 आणि वर्षाला 21,600. ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे 8,658. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला भाग, 21,000 आणि विम्याचा हप्ता 8,742. बेरीज 4,20,000.

हातात मात्र येतात 30,000 वजा तिच्या वाट्याचा पीएफ 1,800, वजा व्यवसाय कर 200, म्हणजे 28,000. (फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 कापला जातो.) नव्या करप्रणालीत या दोन्ही पगारांवर आयकर लागत नाही, म्हणून तो हिशेबात नाही.

प्रॉडक्ट कंपनीचा तक्ता: ग्रॉस 45,000, बेसिक 22,500. वर्षाचे 5,40,000. कंपनीचा पीएफ 32,400, ग्रॅच्युइटी 12,987, व्हेरिएबल 50,000, जॉइनिंग बोनस 50,000, विमा 14,613. बेरीज 7,00,000. हातात येणारे: 45,000 वजा 2,700 वजा 200, म्हणजे 42,100.

पुण्यात खोलीतला वाटा, मेस आणि जाणं-येणं मिळून 18,000 धरले, तर उरतात 24,100. नागपुरात घरीच राहून पेट्रोल-चहाचे 3,000 धरले, तर उरतात 25,000. सीटीसीत 2,80,000 चा फरक दिसत होता, महिनाअखेरीस हातात राहणारी रक्कम जवळपास सारखीच निघाली. शिवाय जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो. दुसऱ्या वर्षी पगारवाढ मिळाली नाही, तर 7,00,000 चे 6,50,000 होतात.

याचा अर्थ पुण्याची ऑफर वाईट आहे असा नाही. तिथे तिचा आणि कंपनीचा मिळून दर महिन्याला 5,400 पीएफ जमतो, इथे 3,600, आणि तो पैसा तिचाच आहे. कामही वेगळं असू शकतं, ते पुढे येईलच. पण काय मागायचं हे या हिशेबाशिवाय कळत नाही. म्हणून तक्ता आला नसेल तर आधी तो मागा. ‘पगाराची फोड पाठवाल का?’ या प्रश्नाने कोणतीही ऑफर जात नाही.

तक्त्यात दोन गोष्टी फसवतात. व्हेरिएबल शंभर टक्के मिळेलच असं नसतं. वर्षाच्या मध्ये रुजू झालेल्याला तो त्या प्रमाणातच मिळतो, आणि पैसे देण्याच्या तारखेला नोकरीवर असण्याची अट बहुधा असते. हिशेबात तो शून्य धरा, मिळाला तर वरकड. दुसरी गोष्ट ग्रॅच्युइटी. कायम नोकरीत ती साधारण पाच वर्षं सलग काढल्यावरच हातात येते, आणि पहिल्या नोकरीत पाच वर्षं थांबणारे थोडे. लहान स्टार्टअपने शेअर देऊ केले असतील, तर पहिल्या पगाराची तुलना करताना त्यांचीही किंमत शून्यच धरावी.

चूक दुसरी: सेवा कंपनीत आकड्यावर अडून बसणे

सेवा कंपनी सॉक चालवते ती ग्राहकासाठी. करारात एल-वनच्या एका माणसामागे महिन्याला किती बिल लावायचं ते आधीच ठरलेलं असतं. त्यात फ्रेशरची भरती शेकड्यांनी होते, सगळ्यांना ठरलेल्या स्तरातला पगार मिळतो. तुमच्याशी बोलणाऱ्या एचआरला एकट्या तुमच्यासाठी तो स्तर बदलण्याचा अधिकारच नसतो. ‘4.2 चे 5 करा’ म्हटलं की ‘हे पॉलिसीत बसत नाही’ हे उत्तर येतं, आणि ते खरं असतं. त्याच कंपनीत वरच्या स्तराची वेगळी परीक्षा किंवा मुलाखत आहे का, एवढं मात्र विचारावं. आकडा तिथे बदलतो, चर्चेत नाही.

इथे हलतात त्या आकड्याबाहेरच्या गोष्टी, आणि त्यांचं मोल 20-30 हजारांहून जास्त असू शकतं.

सगळ्यात मोठी गोष्ट पत्रातलं पद. मुलाखत सॉकसाठी झालेली असते, पत्रावर असतं ‘ट्रेनी इंजिनिअर’. रुजू झाल्यावर ट्रेनिंग, मग बेंच, म्हणजे प्रोजेक्टविना बसून राहणं, आणि मग ज्या प्रोजेक्टला माणूस हवा तिकडे रवानगी: टेस्टिंग, सर्व्हर सपोर्ट, कधी नुसतं तिकीट पुढे ढकलणं. वर्षभराने रेझ्युमेवर सिक्युरिटी लिहायला काही उरत नाही. म्हणून मेलमधून नेमकं विचारा: माझी नेमणूक सिक्युरिटी ऑपरेशन्समध्ये आहे का, कोणत्या प्रॅक्टिसमध्ये, आणि कामाचं ठिकाण नागपूर आहे का? पत्र बदलून मिळालं तर उत्तम. नाहीच मिळालं, तर मेलवरचं लेखी उत्तर जपून ठेवा. ते कायमची हमी नाही, पण बेंचवर असताना मॅनेजरसमोर ठेवायला कागद तरी असतो.

दुसरी गोष्ट शिफ्ट. सॉक चोवीस तास चालतं. महिन्यात किती रात्रपाळ्या येतात, दर पाळीला भत्ता किती, आणि तो सीटीसीच्या आत आहे की बाहेर, हे तीन प्रश्न एकत्र विचारा. भत्ता 300 असेल आणि आठ रात्रपाळ्या असतील, तर बाहेरून येणारे 2,400 म्हणजे 28,000 चे 30,400. तोच भत्ता आत धरला असेल तर वाढ शून्य. मिहानच्या बाबतीत गाडीचाही प्रश्न आहे. दुपारची पाळी रात्री 11 ला सुटली की खापरीहून मेट्रो मिळत नाही, आणि वर्धा रोडने त्या वेळी एकटीने दुचाकीवर येणं कुणी सुचवू नये. कंपनीची कॅब घरापर्यंत येते की ठरलेल्या थांब्यापर्यंत, हे रुजू होण्याआधी कळायला हवं.

चूक तिसरी: बाँडकडे काणाडोळा

‘बाँड कोर्टात टिकत नाही’ असं सीनियर छातीठोकपणे सांगतात. त्यावर विसंबून सही करू नका. एका सरकारी बँकेच्या प्रकरणात 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास 2 लाख भरण्याची अट ग्राह्य धरली. प्रत्येक बाँड टिकेल असा त्याचा अर्थ नाही, ट्रेनिंगवरचा खरा खर्च आणि रकमेचा वाजवीपणा पाहिला जातो. पण ‘त्याला काही किंमत नसते’ हे साफ चुकीचं आहे. शिवाय प्रकरण कोर्टात जायच्या आधीच कंपनी रिलीव्हिंग लेटर अडवून धरते आणि पुढची नोकरी तिथेच अडकते.

बाँडमध्ये मागण्यासारखी गोष्ट एकच, आणि ती पुष्कळदा मिळते: उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात रक्कम कमी व्हावी. दोन वर्षांचा 1,00,000 चा बाँड असेल आणि 18 महिन्यांनी सोडलं, तर 25,000 द्यावे लागावेत, पूर्ण लाख नव्हे. मूळ शैक्षणिक कागदपत्रं मात्र कुणाकडेही ठेवायची नाहीत. पडताळणीसाठी दाखवा आणि परत घ्या.

नोटीस पिरियडही याच कलमांजवळ असतो. 90 दिवसांची नोटीस असेल, तर उरलेले दिवस पैसे भरून सोडवता येतात का, आणि ते कुणाच्या मर्जीवर आहे, हे वाचा. ‘कंपनीच्या मर्जीवर’ असं असेल तर तीन महिने थांबण्याची तयारी ठेवा. पुढच्या कंपन्या एल-वनसाठी सहसा इतकं थांबत नाहीत.

चूक चौथी: प्रॉडक्ट कंपनीत न मागताच होकार देणे

इथे एका जागेसाठी मंजूर बजेटची खालची आणि वरची सीमा असते. पहिली ऑफर सहसा वरच्या टोकाची नसते, आणि हायरिंग मॅनेजरने शब्द टाकला तर त्या सीमेत ती वर सरकू शकते. पण पोर्टलवर अ‍ॅक्सेप्ट दाबेपर्यंतच. त्यानंतर एचआरची मंजुरीची फाइल बंद झालेली असते.

आपल्या उदाहरणातल्या मुलीने ‘थोडं वाढवून द्या’ म्हणू नये. तिने मागावं ते असं: महिन्याचा ग्रॉस 45,000 ऐवजी 48,000. बेसिक त्याच प्रमाणात 24,000 होईल, पीएफ 2,880, हातात 44,920. कंपनीवर वर्षाचा बोजा पीएफ-ग्रॅच्युइटीसह साधारण 39,000 ने वाढतो. 7,00,000 वर हे साडेपाच टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे एचआरला पुढे मांडता येईल अशी मागणी. थेट 9 लाख मागितले की चर्चा तिथेच थांबते.

मेल इंग्रजीत जाईल, पण त्यात चारच गोष्टी असाव्यात. ऑफरबद्दल आभार आणि काम करायची इच्छा. मागणीचा नेमका आकडा, सीटीसीत नव्हे तर ग्रॉसमध्ये. एक कारण, तेही कामाचं: ‘घरी वाझू हे लॉग तपासणारं साधन बसवून विंडोजच्या लॉगवर ब्रूट फोर्स पकडणारे नियम लिहिले आहेत, त्यामुळे अलर्ट ट्रायेजला लवकर उपयोगी पडेन’, किंवा मायक्रोसॉफ्टच्या एससी-200 सारखी परीक्षा पास असणं. घरभाडं आणि शैक्षणिक कर्ज ही कारणं तुमच्यासाठी खरी असली, तरी मॅनेजरला त्यांच्या आधारे मंजुरी मागता येत नाही. शेवटी, हे जमलं तर अमुक तारखेपर्यंत होकार देते, असं वाक्य.

ग्रॉस वाढत नाही असं उत्तर आलं, तर दुसरी आणि शेवटची मागणी: व्हेरिएबलमधले 25,000 फिक्स्डमध्ये वळवा, किंवा पुण्याला येण्याचा खर्च आणि पहिल्या पंधरा दिवसांची राहण्याची सोय द्या. एका वेळी एकच मागा. जॉइनिंग बोनस वाढवून देतो म्हणाले, तर वर्षाच्या आत सोडल्यास तो पूर्ण परत करावा लागतो का, ते आधी वाचा. पूर्ण परत करायचा असेल, तर पहिलं वर्ष तो पैसा खर्चायचा नाही.

चूक पाचवी: खोटी दुसरी ऑफर

दुसऱ्या ऑफरचा आकडा फुगवून सांगितला की एचआर पत्राची प्रत मागतो. प्रत नाही म्हटलं तर विश्वास जातो, आणि बदललेली प्रत दिली तर ऑफर रद्द होते. सिक्युरिटीच्या नोकरीत पार्श्वभूमीची तपासणी जास्त कडक असते, कारण तुमच्या हातात ग्राहकाचे लॉग येणार असतात. सेवा कंपनीची खरी ऑफर हाताशी असेल, तर तिचा उपयोग वेगळा करा: ‘नागपुरात, घरी राहून ऑफर आहे, शहर बदलायचं तर एवढा ग्रॉस लागेल.’ हे वाक्य खरं आहे, वरच्या हिशेबातून आलेलं आहे, आणि कुणी प्रत मागितली तर दाखवता येतं.