वर्गाची गुणवत्ता यादी : सारखे गुण, ग्रेस आणि खालची टीप

मी अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत नववीचा वर्गशिक्षक आहे. नव्याने वर्ग मिळालेल्यांना माझं पहिलं सांगणं असं, की गुणवत्ता यादी लावण्याआधी निकालपत्रकात दोन रकाने वेगळे ठेवा. एकात मुलाने मिळवलेली बेरीज, दुसऱ्यात दिलेले ग्रेस गुण. क्रमांक फक्त पहिल्या रकान्यावरून काढा.

याचं कारण एका उदाहरणातून कळेल. रोल नंबर २४ ला गणितात ३२ गुण होते. उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात, म्हणून ३ ग्रेस दिले. त्याची मिळवलेली बेरीज ६०० पैकी ३५६. रोल नंबर ९ ची बेरीज ३५८, सगळ्या विषयांत स्वतःच्या बळावर पास. ग्रेस बेरजेत मिसळले, तर २४ चे ३५९ होतात आणि तो ९ च्या पुढे जातो. ग्रेस नापास होण्यापासून वाचवायला असतात; त्यांनी दुसऱ्याचा क्रमांक हिरावून घेऊ नये.

आता बरोबरी. वर सर्वाधिक ५१२, मग दोघांचे ४९८, त्यानंतर ४९१. मी क्रमांक १, २, २, ४ असे देतो. वय, हजेरी किंवा नावाची अक्षरं लावून बरोबरी फोडत नाही, कारण त्यातलं काहीच त्या पेपरात तपासलेलं नसतं. एक्सेलमध्ये मिळवलेली बेरीज H रकान्यात असेल, तर

```
=RANK(H2,$H$2:$H$49,0)
```

हे सूत्र हेच क्रमांक देतं. डॉलरची चिन्हं विसरलात, तर सूत्र खाली ओढताना पट्टाही खाली सरकतो. ओळखायची खूण सोपी आहे : यादीतल्या शेवटच्या मुलासमोर १ क्रमांक दिसतो.

खरी बोलणी बक्षिसाच्या वेळी होतात. ४९१ वाल्याचे वडील विचारतात, ‘सर, मना पोर्‍याना नंबर चौथा कसा?’ त्यांना सांगायचं, की त्याच्यापुढे तीन मुलं आहेत, म्हणून चौथा. तिसरं बक्षीस त्याला द्यायचं की नाही, हे मात्र निकालाआधी मुख्याध्यापकांकडून लेखी ठरवून घ्या. गुण कळल्यावर केलेला नियम कुणाच्या तरी बाजूचा वाटतोच. आमच्याकडे दोन दुसरी बक्षिसं देतात आणि तिसरं ठेवत नाहीत.

यादीखाली मी ही टीप लिहितो :

‘क्रमांक विद्यार्थ्याने मिळवलेल्या एकूण गुणांवरून दिले आहेत. ग्रेस गुण उत्तीर्णतेसाठी असून क्रमांकासाठी धरलेले नाहीत. समान गुणांना समान क्रमांक दिला आहे व पुढचा क्रमांक त्याच्यापुढे असलेल्या सर्व मुलांची संख्या धरून दिला आहे. शंका असल्यास तीन दिवसांत वर्गशिक्षकांना भेटावे.’

टिपेत नियम येतो, नाव येत नाही. भिंतीवरच्या यादीतून ग्रेसचा रकाना काढून टाका. कुणाला किती ग्रेस मिळाले, हे त्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांनाच निकालपत्रक समोर ठेवून सांगा.