नातेवाइकांच्या नेमणुकीचं धोरण कसं लिहावं

सुरुवात नात्यांच्या यादीपासून करा, कारण बहुतेक धोरणं तिथेच फसतात. कंपनी कायदा २०१३ मधली ‘नातेवाईक’ची व्याख्या जशीच्या तशी उचलली जाते. तिच्यात पती-पत्नी, एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य, आईवडील, मुलगा-सून, मुलगी-जावई आणि सख्खी-सावत्र भावंडं आहेत. मेहुणा, साडू, भाचा, दीर, नणंद, सासू-सासरे यांचा उल्लेख नाही. ती व्याख्या संचालकांच्या व्यवहारांसाठी आहे. आपल्याकडे ‘जरा आमच्या भाच्याचं बघा’ ही विनंती नेमकी वगळलेल्या नात्यांतूनच येते. म्हणून ही सगळी नावं धोरणात स्पष्ट लिहा. ‘जवळचे नातेवाईक’ एवढंच लिहिलं तर प्रत्येक जण सोयीचा अर्थ काढतो.

मग नातं कधी आणि कुणाला कळवायचं ते ठरवा. अर्जात उमेदवाराला थेट प्रश्न असावा. नोकरीत असताना लग्न किंवा सोयरीक झाली तर सात दिवसांत कळवावं. दरवर्षी एप्रिलमध्ये सगळ्यांकडून नवं पत्रक भरून घ्यावं. पत्रक एचआरकडे जावं, साहेबांकडे नाही, कारण अनेकदा नातं साहेबांशीच असतं. नातं असणं हा गुन्हा नाही, ते लपवणं हा आहे, हे वाक्य पत्रकावरच छापा. नाहीतर भीतीपोटी लोक लिहीतच नाहीत.

समजा, परचेस मॅनेजरच्या भाच्याने स्टोअर असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज केला. मामाने अर्ज पाहायचा नाही, मुलाखतीला बसायचं नाही आणि पॅनेलशी त्याबद्दल बोलायचंही नाही. भाचा स्टोअर प्रमुखाच्या हाताखाली असेल, म्हणजे मामाला रिपोर्ट करणार नाही. तरीही ही नेमणूक अडवावी. मामा माल मागवणार आणि भाचा आवक मोजून सही करणार. शंभर पोत्यांऐवजी नव्वद आली तर पकडणारं कुणी उरत नाही. त्याच मुलाला डिस्पॅचमध्ये घ्यायला हरकत नाही.

मर्यादा लिहिताना थेट साहेब आणि त्याच्या वरचा साहेब, या दोन्ही पायऱ्या नात्यासाठी बंद ठेवा. पगारवाढ, रजा, ओव्हरटाइम आणि बिलांची मंजुरीही त्यात घाला. एकाच विभागातल्या दोघांचं लग्न झालं तर नव्वद दिवसांत एकाची बदली करावी. कुणी हलायचं ते आधी त्या दोघांना विचारा. सवयीने बायकोलाच हलवणं अन्यायाचं आहे आणि तक्रारीलाही जागा देतं.

शेवटी रजेच्या सॉफ्टवेअरमधली एक गोष्ट तपासा. साहेब सुट्टीवर गेले की मंजुरीचे अधिकार आपोआप दुसऱ्याकडे जातात. तो दुसरा नातेवाईक असेल तर कागदावरचं धोरण तेवढे दिवस बंद पडतं. अशा कर्मचाऱ्यांसाठी पर्यायी मंजुरीदार एचआरने हाताने निवडून ठेवावा.