फ्लॅटचं माहितीपत्रक मराठीत आणताना: कार्पेट एरिया, सुविधा आणि हप्ते जसेच्या तसे कसे ठेवावेत

गोव्यात डिचोली, पेडणे, सत्तरी, फोंडा या भागांत फ्लॅट घेणारी बरीच कुटुंबं मराठी वाचतात, पण बिल्डरचं माहितीपत्रक बहुतेक वेळा फक्त इंग्रजीत असतं. मग ते मराठीत आणायचं काम एजंट, डीटीपीवाला किंवा घरातला शिकलेला मुलगा करतो. मजकूर सफाईदार होतो, पण तीन ठिकाणी अर्थ सरकतो: क्षेत्रफळात, सुविधांत आणि पैसे भरण्याच्या वेळापत्रकात. घर घेणारा नेमकं याच तीन गोष्टींवर सही करतो. म्हणून त्या आधी हाताळायच्या, बाकीचं वर्णन नंतर.

उदाहरणासाठी एक दोन बेडरूमचा फ्लॅट घेऊ. माहितीपत्रकात कार्पेट एरिया ६२.५० चौ.मी., बाल्कनी ६.२० चौ.मी., सुपर बिल्ट-अप ९२ चौ.मी. आणि किंमत ६० लाख रुपये आहे.

पहिलं काम म्हणजे आकड्यांचा तक्ता. एका कागदावर मूळ पानावरचा प्रत्येक आकडा त्याच्या एककासह आणि पान क्रमांकासह उतरवून घ्या, भाषांतराला हात लावण्याआधी. मग गोवा रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणारं सरकारी प्राधिकरण, याच्या rera.goa.gov.in या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक शोधा आणि तिथलं कार्पेट एरिया आपल्या तक्त्याशी ताडून बघा. गोव्यातला हा क्रमांक PRGO या अक्षरांनी सुरू होतो. तो मराठी मजकुरातही रोमन अक्षरांतच ठेवा, कारण वाचक तोच टाइप करून शोधणार आहे. आकडे जुळले नाहीत तर बिल्डरला विचारा. त्यातला बरोबर कुठला, हे आपण ठरवायचं नाही.

आता क्षेत्रफळ. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार कार्पेट एरिया म्हणजे फ्लॅटच्या आतली वापरता येणारी जागा. आतल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, फ्लॅटची स्वतःची बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. सुपर बिल्ट-अपमध्ये जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटाही मिसळलेला असतो. त्यामुळे नुसतं ‘क्षेत्रफळ ९२ चौ.मी.’ लिहिणं ही सगळ्यात घातक चूक. आकडा खरा असतो, पण वाचक तो घरातली जागा समजतो आणि साडेएकोणतीस चौरस मीटर हवेत जातात. प्रत्येक आकड्यापुढे तो कशाचा आहे ते लिहा आणि बाल्कनी वेगळ्या ओळीत दाखवा. बाल्कनी मिळवून ‘कार्पेट ६८.७० चौ.मी.’ करू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

शब्दाच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: ‘कार्पेट एरिया’च लिहा. ‘चटईक्षेत्र’ हा शब्द महाराष्ट्रात चटईक्षेत्र निर्देशांकासाठीही, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल यासाठीही वापरतात. पाहिजे तर पहिल्यांदा येईल तिथे ‘फ्लॅटच्या आतली वापरण्याजोगी जागा’ असा खुलासा जोडा.

गोव्यात व्यवहार चौरस मीटरमध्ये होतो, पण सिंधुदुर्ग किंवा पुण्याकडचं गिऱ्हाईक चौरस फूट विचारतं. मूळ एकक पुढे ठेवा आणि फूट त्यानंतर द्या. १ चौ.मी. म्हणजे १०.७६४ चौ.फू., म्हणून ६२.५० चौ.मी. म्हणजे सुमारे ६७२.७५ चौ.फू. ‘सोयीसाठी’ ६८० लिहिलंत, तर नसलेली सव्वासात चौरस फूट जागा तुम्ही जाहीर केलीत.

सुविधांच्या यादीत फुगवटा विशेषणांतून शिरतो. मूळात ‘जमिनीखालची टाकी आणि गच्चीवरची टाकी’ असतं, मराठीत ‘२४ तास पाणी’ होतं. टाकी ही वस्तू आहे. पाणी चोवीस तास येईल हे आश्वासन आहे, आणि ते बिल्डरने दिलेलंच नाही. ‘लिफ्ट आणि सामाईक जागेसाठी जनरेटर’ याचं ‘पॉवर बॅकअप’ करून टाकलं की लोकांना घरातले पंखेही चालतील असं वाटतं. ‘एसीसाठी सोय’ म्हणजे बहुतेकदा फक्त पॉइंट असतो, एसी नसतो. ग्रॅनाइटचा ओटा आणि स्टीलचं सिंक म्हणजे मॉड्युलर किचन नव्हे. ‘प्रस्तावित’, ‘दुसऱ्या टप्प्यात’, ‘किंवा तत्सम दर्जाचे’ हे शब्द छोटे दिसतात म्हणून गाळले जातात. त्यातला एकही गाळू नका. जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून नुकसान झालं, तर रेराच्या कलम १२ प्रमाणे भरपाईची जबाबदारी बिल्डरवर येते. ‘जरा गोड करून लिहा’ म्हणणाऱ्या एजंटला हे कलम दाखवलं की विषय सहसा तिथेच संपतो.

हप्त्यांच्या तक्त्यात रक्कम क्वचित चुकते, घोळ होतो तो टप्प्यात. आपल्या उदाहरणात बुकिंगला ५ टक्के, करारनाम्याला १५ टक्के आणि प्लिंथ, म्हणजे इमारतीचं जोतं, पूर्ण झाल्यावर १५ टक्के, म्हणजे ९ लाख रुपये आहेत. भाषांतरात ‘प्लिंथच्या वेळी’ असं आलं, तर काम सुरू होतानाच ९ लाख द्यायचे असं कुटुंब समजतं. गृहकर्जाचे पैसे बँक काम कुठवर आलं ते बघून सोडते, म्हणजे तोवर खिशातून भरायची वेळ येते. म्हणून प्रत्येक टप्प्यासमोर ‘सुरू झाल्यावर’ की ‘पूर्ण झाल्यावर’ हे मूळात असेल तसंच लिहा. मूळातच मोघम असेल तर लेखी विचारून घ्या. मुदतीचंही तसंच: ‘मागणीपत्राच्या तारखेपासून १५ दिवसांत’ आणि ‘मागणीपत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत’ यांत टपालाचे दिवस कोणाच्या अंगावर पडतात ते बदलतं.

टक्के आणि रुपये दोन्ही लिहा, शेवटी बेरीज करा: १०० टक्के आणि ६० लाख. जीएसटी, मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क वेगळं असेल तर तेही त्याच पानावर मूळ शब्दांत यायला हवं. कायद्याप्रमाणे लेखी करार करून त्याची नोंदणी होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. मूळ तक्त्यात बुकिंगलाच २० टक्के दिसले तर भाषांतरात गुपचूप दुरुस्त करू नका. काम थांबवा आणि बिल्डरला कळवा.

पान लावून झालं की तपासणी दोघांनी करायची. एकाने मराठी पानावरचे आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मूळ इंग्रजी पानावर खूण करायची. मराठीकडून मूळाकडे, उलट नाही. कारण मूळ वाचत गेलं की डोळ्याला मराठीतही तेच दिसायला लागतं. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर आणला असेल, तर दशांशचिन्हं आणि ५-६, १-९ या जोड्या पुन्हा बघा. ही तपासणी छपाईला जाणाऱ्या पीडीएफवरच करा, वर्डच्या फाइलवर नको. शेवटी प्रत्येक पानावर बिल्डरची सही घ्या.

पोर्टलवरच्या जाहिरातीला आणखी एक धोका असतो. तिथे क्षेत्रफळाच्या रकान्याशेजारी एककाची यादी असते आणि ती अनेकदा चौरस फुटांवर लावलेली असते. एकक न बदलता ६२.५ टाकलं की फ्लॅट खोलीएवढाही उरत नाही. सुपर बिल्ट-अपचा आकडा कार्पेटच्या रकान्यात टाकू नका. जागा कमी पडली तर निसर्गरम्य परिसर, समुद्राची झुळूक वगैरे खुशाल कापा. कार्पेट एरिया एककासह, ‘प्रस्तावित’ हा शब्द, रेरा क्रमांक आणि रेराच्या संकेतस्थळाचा पत्ता मात्र कापायचा नाही. शेवटच्या दोन गोष्टी जाहिरातीत असणं कायद्यानेच बंधनकारक आहे.