कमीत कमी उड्यांचे कोडे: डीपीची ओळ आधी, ग्रीडी नंतर

अ‍ॅरेतील प्रत्येक आकडा तिथून जास्तीत जास्त किती घरे पुढे उडी मारता येईल ते सांगतो, आणि पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत कमीत कमी किती उड्यांत पोहोचता येईल ते काढायचे असते. माझ्या पहिल्याच तांत्रिक मुलाखतीत हा प्रश्न आला, तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता ‘दर वेळी शक्य तितकी लांब उडी मारायची’ असे उत्तर दिले. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी काही न बोलता फळ्यावर पुढील अ‍ॅरे लिहिला.

```
[4, 5, 1, 4, 1, 1, 1, 1]
```

इंडेक्स ० पासून मोजले, तर माझ्या पद्धतीने ०, ४, ५, ६, ७ असा प्रवास होऊन चार उड्या लागत होत्या. मी घाईने पद्धत बदलली आणि ‘आवाक्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्यावर उतरायचे’ असे म्हटले. त्यानुसार १ वरच्या ५ वर उतरलो, तिथून ३ वरच्या ४ वर आणि मग ७ वर, म्हणजे तीन उड्या झाल्या. खरे उत्तर दोन आहे: ० वरून थेट ३, आणि ३ वरून ७. दोन्ही पद्धती ग्रीडीच होत्या, म्हणजे त्या त्या क्षणी सर्वांत चांगली दिसणारी निवड करणाऱ्या. माझी चूक ग्रीडी निवडण्यात नव्हती, तर नेमका कशाचा लोभ धरायचा हे न तपासण्यात होती.

म्हणून नव्याने तयारी करणाऱ्यांना माझे सांगणे असे आहे की, या प्रश्नात आधी डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचे, म्हणजे डीपीचे, साधे उत्तर लिहावे. `dp[i]` म्हणजे `i` या घरापर्यंतच्या कमीत कमी उड्या. ज्या ज्या मागच्या `j` साठी `j + a[j] >= i` आहे, त्यांच्यातला सर्वांत लहान `dp[j]` घ्यायचा आणि त्यात एक मिळवायचा. घरी आल्यावर मी वरच्या अ‍ॅरेसाठी ही ओळ कागदावर मांडली, तेव्हा ती अशी आली:

```
0 1 1 1 1 2 2 2
```

ही ओळ कुठेही खाली उतरत नाही, आणि हा योगायोग नाही. `i + 1` पर्यंत जितक्या उड्यांत पोहोचता येते, तितक्याच किंवा त्याहून कमी उड्यांत `i` वरही पोहोचता येते, कारण त्या वाटेत `i` ला ओलांडणारी जी उडी असेल ती आखूड करून `i` वरच थांबता येते. एवढे पटले की प्रत्येक घराचा वेगळा हिशेब ठेवण्याची गरज उरत नाही, कारण एकाच उडीसंख्येची घरे सलग पट्ट्यांत येतात आणि पुढची पट्टी कुठे संपते एवढेच शोधायचे राहते. ती संपते आताच्या पट्टीतल्या सर्वांत मोठ्या `i + a[i]` पाशी. लोभ धरायचा तो या बेरजेचा, नुसत्या `a[i]` चा नव्हे.

```python
def jump(a):
    count = end = far = 0
    for i in range(len(a) - 1):
        far = max(far, i + a[i])
        if far == i:
            return -1
        if i == end:
            count += 1
            end = far
    return count
```

आपल्या अ‍ॅरेत `i` ० असताना पहिली उडी मोजली जाते आणि पट्टी ४ पर्यंत जाते. १ वर `far` ६ होतो, ३ वर ७ होतो, आणि ४ वर पट्टी संपताच दुसरी उडी मोजली जाते. १ वर जायचे की ३ वर, हा निर्णय कोडला कधी घ्यावाच लागत नाही, आणि मला या पद्धतीतले हेच सर्वांत देखणे वाटते. दहा हजार घरांच्या अ‍ॅरेत डीपीला वाईटात वाईट स्थितीत सुमारे पाच कोटी तुलना कराव्या लागतात. इथे मात्र दहा हजार फेऱ्यांत काम होते.

चूक बहुधा लूपच्या टोकाला होते. लूप शेवटच्या घरापर्यंत नेला आणि पट्टीही नेमकी तिथेच संपत असली आणि शेवटचा आकडा शून्य नसला, तर एक उडी जास्त मोजली जाते. `[1]` असा एकाच घराचा अ‍ॅरे देऊन पाहिल्यास शून्याऐवजी एक येतो आणि चूक लगेच उघडी पडते. तसेच `far == i` ही तपासणी गाळल्यास `[1, 0, 2]` साठी कोड बेधडक २ सांगतो, वास्तविक १ वरच्या शून्यातून पुढे जाताच येत नाही.

प्रश्नातला ‘जास्तीत जास्त’ हा शब्द मात्र नीट वाचावा. तिथे ‘नेमकी तितकीच घरे’ असे असेल, तर उडी आखूड करता येत नाही आणि वरचा सगळा युक्तिवाद कोसळतो. `[2, 3, 1, 1, 1]` मध्ये नेमक्या उड्यांनी १ वर पोहोचताच येत नाही, त्यामुळे ०, २, ३, ४ अशा तीन उड्या लागतात. ग्रीडी कोड मात्र १ वरच्या ३ चा आधार घेऊन दोन सांगतो. अशा वेळी मी `dp` च्या ओळीकडे परततो, आणि त्या ओळीत १ च्या घरात अनंत लिहावे लागते.