मांजराच्या पोटावरचं टक्कल: ताणाला दोष देण्याआधी

आमची मनी चार वर्षांची आणि पूर्णपणे घरकोंबडी. गेल्या जूनमध्ये आम्ही घर बदललं. जुलै संपता संपता ती उताणी झोपलेली असताना दिसलं, की पोट आणि मागच्या मांड्यांची आतली बाजू गुळगुळीत झाली आहे. कातडी गुलाबी आणि स्वच्छ होती, ना फोड ना खपली. "नवीन घर, टेन्शन आलंय तिला," यावर घरातल्या सगळ्यांचं एकमत झालं.

असं एकमत डॉक्टरांचंही होतं. 2006 साली कॅनडातल्या पशुवैद्यांनी, 'ताणामुळे चाटते' असा शिक्का बसलेल्या 21 मांजरांची नीट तपासणी केली. 16 जणांना निव्वळ शारीरिक आजार निघाला, तिघांत दोन्ही होतं, आणि केवळ ताण असलेली मांजरं फक्त 2 होती. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी परजीवी, मग ॲलर्जी आणि सगळ्यात शेवटी ताण.

केस झडतात की चाटून तुटतात?

मांजर चाटताना दिसत नाही म्हणून चाटत नाही, असं समजू नका. बरीच मांजरं रात्री किंवा पलंगाखाली जाऊन चाटतात. टकलाच्या कडेवरून बोट उलटं फिरवा. दोन दिवसांच्या दाढीसारखे खुंट लागले, तर केस तुटलेले आहेत. कडेचे चार केस काढून भिंगाखाली पाहा. शाबूत केसाचं टोक निमुळतं असतं, चाटून तुटलेल्याचं बोथट किंवा फाटलेलं. विष्ठा केसांनी भरलेली असेल किंवा केसांचे गोळे ओकण्याचं प्रमाण वाढलं असेल, तर तोही पुरावाच.

गोल चट्टा, त्यावर कोंडा, आणि घरातल्या कुणाच्या हातावर गजकर्णासारखं वर्तुळ, असं एकत्र दिसलं तर ती बुरशी आहे. तिथे घरी प्रयोग करत न बसता डॉक्टरांकडे जा, कारण ती माणसांनाही लागते.

टक्कल कुठे आहे?

कंबर, शेपटीचं मूळ आणि मांड्यांची मागची बाजू म्हटलं की पहिला संशय पिसवांवर. डोकं, मान आणि कानांजवळ ओरबाडलेलं असेल तर अन्नाची ॲलर्जी किंवा खरजेचे, कानातले किडे. पाठीवरून हात फिरवताना बाजरीच्या दाण्यांसारख्या बारीक खपल्या लागल्या, किंवा वरच्या ओठावर जखम दिसली, तर ॲलर्जीकडे पारडं झुकतं. पिसवांच्या चाव्याची ॲलर्जीही त्यातच आली.

पोट मात्र कुणाचंच नाव सांगत नाही. तिथे पिसवा, ॲलर्जी, ताण, अगदी मूत्राशयाचं दुखणंसुद्धा असू शकतं. मांजर दुखणारी जागा वरून चाटत राहतं. ते वारंवार ट्रेमध्ये बसत असेल किंवा लघवीत रक्त दिसत असेल तर लघवी तपासून घ्या. बोका जोर करतोय आणि थेंबही येत नाही, अशी वेळ आली तर त्याच तासाला दवाखाना गाठा.

पिसवा: न दिसल्या तरी असतात

इथे थोडं थांबतो, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. डोक्यातल्या उवा काढायची बारीक फणी घ्या आणि कमरेपासून शेपटीच्या मुळापर्यंत फिरवा. निघालेला कचरा ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका. काळ्या कणांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. साधी धूळ काळीच राहते.

फणीत काहीच आलं नाही, तरी पिसवा सुटल्या नाहीत. ॲलर्जी पिसवांच्या लाळेची असते आणि काही मांजरांना दोन-चार चावे पुरतात. खाज सुटली की मांजर चाटतं आणि चाटता चाटता पिसू गिळून टाकतं. म्हणजे पुरावा मांजरच पोटात घालतं. मनीच्या फणीतही शून्य होतं. पण तिच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्याएवढे, हलणारे पांढरे तुकडे दिसले. ते टेपवर्मचे तुकडे, आणि हा जंत मांजराला बहुतेक वेळा पिसू गिळल्यानेच होतो.

म्हणून पिसवा 'शोधायच्या' नाहीत, औषध देऊन पाहायचं. डॉक्टरांकडून वजनानुसार मानेवर टाकायचं औषध घ्या, शक्यतो पिसवा आणि किडे दोन्ही मारणारं. ते घरातल्या प्रत्येक मांजराला आणि कुत्र्याला, ठरलेल्या तारखांना, सलग तीन महिने द्यायचं. तीन महिने एवढ्यासाठी की पिसवांची अंडी जनावराच्या अंगावर राहत नाहीत. ती फरशीच्या फटीत आणि गादीत पडतात, आणि तिथे कोशात असलेल्या पिसवांना औषध शिवत नाही. अंथरुणं गरम पाण्यात धुवा, फटींवर व्हॅक्यूम फिरवा.

कुत्र्याचं औषध 'थोडंसं' मांजराला लावू नका. त्यातलं परमेथ्रिन मांजराचा जीव घेऊ शकतं. फिनेल, कापूर आणि टी ट्री तेलही मांजराला विषारी आहेत.

मग अन्न

तीन महिन्यांत फरक नाही पडला, तर आठ आठवडे पथ्य. डॉक्टरांनी दिलेलं विशेष खाद्य, किंवा मांजराने आजवर कधीच न खाल्लेलं मांस, आणि त्याव्यतिरिक्त काहीही नाही. दूध नाही, औषधाची चवदार गोळी नाही, शेजारच्या काकूंनी मायेनं टाकलेला बोंबील तर मुळीच नाही. एका तुकड्याने सगळं मोजमाप बिघडतं. चाटणं कमी झालं की जुनं खाद्य मुद्दाम पुन्हा सुरू करा. दोन आठवड्यांच्या आत खाज परतली, तरच अन्नाची ॲलर्जी नक्की. हा उलटा प्रयोग कुणालाच करवत नाही, पण त्याशिवाय निदान अर्धवट राहतं. धूळ आणि परागकणांची ॲलर्जी यानंतर उरते.

आता ताण

ताणाचं मांजर बहुधा निरोगी कातडीवर चाटतं आणि एखाद्या कारणाभोवती चाटतं: गॅलरीत भटका बोका आला की, पाहुणे आले की, दुसऱ्या मांजराने ट्रेची वाट अडवली की. जुना फोन कोपऱ्यात ठेवून दोन दिवस रेकॉर्डिंग करा, वेळ आणि कारण जुळतंय का ते कळेल. डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं असेल तर त्याचा परिणामही बोलतो. ॲलर्जीची खाज बहुधा त्याने उतरते, ताणाचं चाटणं सहसा उतरत नाही. उपाय म्हणजे मांजरांच्या संख्येपेक्षा एक ट्रे जास्त, उंचावर लपायला जागा, खिडकीला आडोसा आणि खेळाची ठरलेली वेळ. ओरडल्याने चाटणं थांबत नाही, फक्त पलंगाखाली जातं. चाटू न देणाऱ्या शंकूसारख्या कॉलरने केस येतील, कारण तिथेच राहील.

मनीच्या पोटावर सहाव्या आठवड्यात लव दिसली, तिसऱ्या डोसनंतर पोट पांढरं झालं. नंतर वॉचमनकाकांनी सांगितलं, आमच्या आधीच्या भाडेकरूंकडे कुत्रा होता. घर दोन महिने बंद होतं. कोशातली पिसू इतके दिवस थांबू शकते, आणि पावलांचा हादरा व अंगाची ऊब लागली की बाहेर पडते. म्हणजे घर बदलल्यानेच झालं होतं खरं, फक्त टेन्शन मनीला आलेलं नव्हतं.