जेएआयआयबीचा अकाउंटिंगचा पेपर आठवड्यावर आलाय? जुने पेपर सोडवताना या चुका टाळा

बँकेत नोकरी करत जेएआयआयबी देणाऱ्यांना चार पेपरांपैकी सगळ्यात जास्त धास्ती असते ती एएफएमची, म्हणजे अकाउंटिंग अँड फायनान्शियल मॅनेजमेंटची. परीक्षा बहुतेकदा रविवारी असते. आधीच्या रविवारपर्यंत पुस्तक कसंबसं एकदा नजरेखालून गेलेलं असतं आणि मग शाखेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेल्या जुन्या पेपरांच्या पीडीएफ उघडल्या जातात. शेवटच्या आठवड्यात जुने पेपर हाताशी घेणं बरोबरच आहे. घोटाळा होतो तो ते ज्या पद्धतीने सोडवले जातात त्यात.

एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. परीक्षा घेणारी संस्था, म्हणजे मुंबईची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स, झालेले पेपर छापून देत नाही. ‘मागच्या वेळचा पेपर’ म्हणून जे फिरतं ते कुणीतरी परीक्षा देऊन आल्यावर आठवून लिहिलेलं असतं. आठवणीत आकडे राहतात, अटी गळतात. उत्तरही लिहिणाऱ्याला जे बरोबर वाटलं तेच असतं.

पहिली चूक: उत्तरसूचीवर विश्वास ठेवणं

अशा पीडीएफमध्ये हमखास सापडेल असा एक प्रश्न घेऊ: मशीनची किंमत ५,००,००० रुपये, भंगार किंमत ५०,०००, आयुष्य ५ वर्षं. तिसऱ्या वर्षाअखेर पुस्तकी किंमत किती? खाली उत्तर दिलंय २,००,०००.

सरळ रेषा पद्धतीने करून बघा. पाच लाखांतून भंगार किंमत वजा केली की ४,५०,००० उरतात. पाच वर्षांत वाटले की दर वर्षी ९०,००० घसारा, तीन वर्षांचा २,७०,०००. म्हणून पुस्तकी किंमत २,३०,००० यायला हवी. सूचीतलं २,००,००० कुठून आलं? लिहिणारा भंगार किंमत वजा करायला विसरला आणि त्याने वर्षाला एक लाख धरला. आता मूळ प्रश्नात ‘घटत्या शिल्लक पद्धतीने २० टक्के दराने’ असे शब्द असतील आणि तेच गळले असतील, तर उत्तर २,५६,००० येतं, कारण दर वर्षी उरलेल्या किमतीच्या ८० टक्के शिल्लक राहतात.

असा प्रश्न समोर आला की पीडीएफचं उत्तर झाका आणि ‘यात कोणती अट लिहायची राहिली असेल?’ असं स्वतःला विचारा. पद्धत दिलेली नसेल तर दोन्ही पद्धतींनी सोडवा. प्रश्न एकच असला तरी त्यातून घसाऱ्याचा सगळा भाग उजळून निघतो. वीस पीडीएफची उत्तरं पाठ करण्यापेक्षा दोनच पेपर असे उलगडले तर एएफएममध्ये जास्त मार्क हाती येतात, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी चूक: उत्तर कधीचं आहे हे न बघणं

चौथ्या विभागात कर येतात आणि इथे जुना पेपर थेट दिशाभूल करतो. मुदत ठेवीच्या व्याजावर टीडीएस कापण्याची मर्यादा बघा. सर्वसाधारण ठेवीदारासाठी बँकेत ती पूर्वी १०,००० रुपये होती, एप्रिल २०१९ पासून ४०,००० झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली. ज्येष्ठ नागरिकांची ५०,००० वरून १,००,००० वर गेली. तीन वेगवेगळ्या पीडीएफमध्ये तीन उत्तरं दिसतात, आणि तिन्ही आपापल्या वेळी बरोबर होती. त्यात प्राप्तिकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने जुन्या प्रश्नांतले कलमांचे क्रमांकही बदलतात.

यावर संस्थेचाच एक नियम कामाला येतो. फेब्रुवारी ते जुलैदरम्यानच्या परीक्षांसाठी आधीच्या ३१ डिसेंबरपर्यंतचे नियम आणि घडामोडी धरल्या जातात, तर ऑगस्ट ते जानेवारीदरम्यानच्या परीक्षांसाठी ३० जूनपर्यंतच्या. ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. जुन्या पेपरात कराचा दर, मर्यादा किंवा कलम दिसलं की उत्तर लिहिण्याआधी त्या तारखेला काय लागू होतं ते तपासा. काउंटरवर रोज ठेवी हाताळणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं, कारण त्यांच्या डोक्यात आज सिस्टीममध्ये दिसणारा आकडा पक्का बसलेला असतो.

तिसरी चूक: मार्क मोजून पेपर बाजूला ठेवणं

आठवड्यातला सगळ्यात महागात पडणारा घोटाळा हाच. पेपर सोडवला, ४७ आले, वाईट वाटलं, दुसरा पेपर उघडला. यातून काहीच हाती लागत नाही.

समजा, साताऱ्याच्या एका शाखेतल्या अधिकारी बाईंनी रविवारी सकाळी पूर्ण पेपर सोडवला आणि त्यांना १०० पैकी ४७ आले. सोमवारी त्यांनी नवा पेपर घेतला नाही. चुकलेल्या ५३ प्रश्नांपुढे एकेक खूण केली. संकल्पनाच माहीत नव्हती तिथे ‘सं’, माहीत होती पण प्रश्न वाचण्यात गफलत झाली तिथे ‘वा’, मांडणी बरोबर पण कॅल्क्युलेटरवर गडबड तिथे ‘कॅ’, आणि पीडीएफचंच उत्तर चुकलं किंवा जुनं झालंय तिथे ‘जु’. निघाले असे: ‘सं’ २६, ‘वा’ ९, ‘कॅ’ ११, ‘जु’ ७.

हे सात तर त्यांचे बरोबरच होते, म्हणजे खरे मार्क ५४. पुढचे वीस, ‘वा’ आणि ‘कॅ’चे, मिळवायला एकही नवा धडा वाचावा लागत नाही. उत्तीर्ण व्हायला ५० लागतात. एकाच प्रयत्नात सगळ्या विषयांत किमान ४५ आणि एकूण सरासरी ५० टक्के असली तरी चालतं. म्हणजे या बाईंचा आठवडा नवीन धडे उघडण्यात नाही, तर ते वीस प्रश्न पक्के करण्यात जायला हवा. त्यांनी घाबरून कॉस्टिंगचं न वाचलेलं प्रकरण सुरू केलं असतं तर नेमका हाच वेळ गेला असता.

‘वा’च्या खाणीत बँक जुळवणी पत्रक सगळ्यात पुढे असतं. रोखपुस्तकाप्रमाणे शिल्लक ४०,०००, दिलेला पण बँकेत न वटलेला ५,००० चा चेक, बँकेने लावलेला २०० चा आकार. पासबुकाची शिल्लक ४०,००० अधिक ५,००० वजा २००, म्हणजे ४४,८००. सुरुवात पासबुकापासून असेल तर चिन्हं उलटतात. जुन्या पेपरात नेमकं ‘रोखपुस्तकाप्रमाणे’ की ‘पासबुकाप्रमाणे’ हेच गाळलेलं असतं, म्हणून दोन्ही दिशांनी सोडवा आणि परीक्षेत पहिल्याच ओळीतल्या त्या शब्दावर बोट ठेवून पुढे जा.

चौथी चूक: कॅल्क्युलेटरचा सराव न करणं

बाँडची किंमत, वर्तमान मूल्य, हप्ता ही गणितं अनेकजण मोबाईलवर किंवा एक्सेलवर सोडवतात. परीक्षेत हातात असतो तो साधा, बारा अंकी कॅल्क्युलेटर. त्याची सवय मंगळवार-बुधवारी करायची.

दर्शनी किंमत १,०००, व्याज ८ टक्के वार्षिक, मुदत ३ वर्षं, अपेक्षित परतावा ९ टक्के. साध्या कॅल्क्युलेटरवर १ ÷ १.०९ करून = तीनदा दाबलं की ०.९१७४, ०.८४१७ आणि ०.७७२२ असे तीन गुणक मिळतात. GT बटण असेल तर ते दाबताच बेरीज २.५३१३ येते. ८० गुणिले २.५३१३ म्हणजे २०२.५०. शेवटचा गुणक पूर्ण अंकांत १,००० ने गुणला की ७७२.१८. किंमत सुमारे ९७४.६९.

काही कंपन्यांच्या कॅल्क्युलेटरवर = पुन्हा दाबल्याने भागाकार पुन्हा होत नाही. त्यावर आधी १.०९ टाकून ÷ दोनदा दाबावं लागतं, मग १ आणि =. आपला कोणत्या प्रकारचा आहे ते आजच बघा आणि परीक्षेला तोच न्या. GT वापरण्याआधी AC दाबून जुनी बेरीज पुसली का, हेही बघा. अपेक्षित परतावा बाँडच्या व्याजदरापेक्षा जास्त असेल तर किंमत दर्शनी किमतीपेक्षा कमीच यायला हवी. १,०२५ आलं तर बटणांत गडबड आहे.

पर्यायांत चारही आकडे जवळजवळचे असतात, म्हणून मधला गुणक दोन दशांशांवर तोडू नका. ०.७७ धरला तर उत्तर ९७२ च्या आसपास येतं आणि तो आकडाही पर्यायांत असू शकतो.

पाचवी चूक: तोच पेपर पुन्हा सोडवून खूश होणं

गुरुवारी रविवारचाच पेपर सोडवला आणि ८० आले, तर ती आठवणीची परीक्षा झाली. ‘सं’ आणि ‘कॅ’ खूण असलेले प्रश्न घ्या, आकडे बदला आणि मग सोडवा. वरच्या बाँडमध्ये मुदत ४ वर्षं करा, किंवा परतावा ७ टक्के. परतावा ७ टक्के केला तर किंमत दर्शनी किमतीच्या वर गेली पाहिजे. गेली, आणि का गेली ते सांगता आलं, तर ती खूण खोडा.

आठवडा प्रत्यक्षात कसा लावायचा

पहिल्या रविवारी, तुमच्या प्रवेशपत्रावर जी वेळ आहे त्याच वेळेला, दोन तास सलग, एक पूर्ण पेपर. शंभर प्रश्नांना १२० मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. सोमवारी फक्त खुणा. मंगळवार-बुधवार ‘कॅ’ची गणितं, शाखेत जाण्याआधी तासभर, कारण संध्याकाळी दिवसाचे हिशेब मिटवून आल्यावर डोकं आकड्यांना साथ देत नाही. लोकलमध्ये किंवा एसटीत गणित करायला जाऊ नका, तिथे सूत्रं आणि ‘वा’चे प्रश्न पुन्हा वाचा. गुरुवारी ‘सं’मधले ज्यांचे प्रश्न दोन-तीन पेपरांत फिरून येतात तेवढेच विषय. शुक्रवारी फक्त तीस गणितं, चाळीस मिनिटांत.

शनिवारी दुसरा किंवा चौथा असेल तर सुट्टी आहे, तेव्हा सकाळी दुसरा पूर्ण पेपर सोडवता येईल. पहिला, तिसरा किंवा पाचवा असेल तर शाखा चालू असते, म्हणून हा पेपर शुक्रवारच्या आधीच कुठेतरी बसवा आणि शनिवारी संध्याकाळी फक्त खुणांची वही उघडा.

चुकीच्या उत्तराला मार्क वजा होत नाहीत. म्हणून पहिल्या फेरीत थिअरीचे सगळे प्रश्न उरकून घ्या, मोठ्या गणितांवर खूण करून पुढे जा, दुसऱ्या फेरीत गणितं करा, आणि शेवटची पाच मिनिटं उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला एक तरी पर्याय निवडायला ठेवा.