टाइमलॅप्समधली लुकलुक कशी गेली

वडोदऱ्यात अलकापुरीतल्या बांधकामासमोर कॅमेरा पक्का बसवलेला. सकाळी 8 ते संध्याकाळी साडेपाच, दर 30 मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला 20 फोटो. 180 दिवसांचे 3,600. सेकंदाला 25 फ्रेमने 144 सेकंदांची फिल्म. इमारतीला एवढं पुरतं.

सगळं मॅन्युअल, व्हाइट बॅलन्सही बांधलेला, तरी लागोपाठच्या फ्रेम उजळ-काळ्या. आकाश निरभ्र आणि फोटोंच्या नोंदीतले एक्स्पोजरचे आकडे सारखेच असतील, तर दोष ॲपर्चरच्या पात्यांचा: एफ/8 ला ती दर वेळी किंचित वेगळी मिटतात. लेन्स पूर्ण उघडी, एफ/2.8 वर ठेवली की पाती हलतच नाहीत. दुपारच्या उन्हात आयएसओ 100 ला शटर 1/3200 लागतं. प्रकाश आठपट कमी करणारा एनडी 8 फिल्टर लावल्यावर 1/400 पुरतं. ढगांची सावली मात्र याने जात नाही.